बुधवारी आलेला गुरुवार

ज्योत्स्ना साळवेचा हिशेब कधी चुकत नाही, असं नवीन जालन्यातल्या त्या गल्लीत सगळे म्हणायचे. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, एका बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राधेश्यामभाऊंचं शेअरचं ऑफिस आहे. तीन कॉम्प्युटर, दोन फोन, एक पांढरा बोर्ड. ज्योत्स्ना तिथं अकरा वर्षं डीलर होती. ग्राहक फोनवर सांगायचे, ती सौदा टाकायची. रोज बदनापूरहून पॅसेंजरनं यायची, संध्याकाळी परत जायची. लग्न झालं नव्हतं. घरात ती आणि वडील, तातेराव.

दर महिन्याच्या सुरुवातीला ती बोर्डावर एकच तारीख लाल पेननं लिहायची. महिन्याचा शेवटचा गुरुवार. वायद्याचे आणि ऑप्शनचे महिन्याचे सौदे त्या दिवशी संपायचे. त्या गुरुवारी बाजाराला सुट्टी आली तर आदल्या दिवशीच संपायचे. नव्या ग्राहकाला ती हे दोनदा सांगायची, कारण लोक गुरुवार लक्षात ठेवतात आणि सुट्टी विसरतात. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीस साली, असं आधीच दोनदा झालं होतं. जानेवारीचा शेवटचा गुरुवार सव्वीस तारखेला आला, म्हणून सौदे पंचवीसला संपले. मार्चमध्ये रामनवमी तीसला होती, म्हणून एकोणतीसला.

हे सगळं खिशातल्या छोट्या डायरीत लिहून ठेवणारा तिचा एकच ग्राहक होता. काकासाहेब. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेले. तातेराव आयुष्यभर त्याच केंद्रावर मजूर होते, सुरुवातीला रोजंदारीवर. बारा वर्षं हजेरीपटावर काढल्यावर त्यांना कायम करून घ्यावं म्हणून काकासाहेबांनी तीन अर्ज लिहिले होते, त्यातला तिसरा मंजूर झाला. तातेराव त्यांना अजून साहेबच म्हणत. आणि काकासाहेबांनी खातं उघडायला जालन्यातली चार ऑफिसं सोडून हेच ऑफिस निवडलं, ते ‘तातेरावची पोरगी तिथं हाय’ एवढ्यावर.

त्यांच्याकडे एका औषध कंपनीचे बाराशे शेअर होते. वेतन आयोगाच्या थकबाकीतून, कधी दिवाळीच्या पैशातून, वीस-बावीस वर्षांत थोडे थोडे घेतलेले. ते त्यांनी मुलीसाठी, दैवशालासाठी ठेवले होते. ती शहागडला दिलेली. “जमीन पोराच्या नावावर झाली,” ते एकदा ज्योत्स्नाला म्हणाले होते. “पोरीला काय दिलं मी? हे तिचं.”

दोन वर्षांपूर्वी ज्योत्स्नानंच त्यांना कॉल, म्हणजे एका प्रकारचं ऑप्शन, विकायला शिकवलं. आपल्याकडचे शेअर एका ठरलेल्या भावाला द्यायचं कबूल करायचं आणि त्या कबुलीचे महिन्यापुरते पैसे घ्यायचे. शेवटच्या दिवशी भाव त्या आकड्याच्या खाली राहिला तर कबुली संपली, पैसे आपले. भाव वर गेला तर मात्र शेअर खरोखर द्यावे लागतात. द्यायचे नसतील तर दिवस संपायच्या आत तो कॉल परत विकत घ्यायचा, म्हणजे सौदा कापला. असा सौदा ठरावीक शेअरच्या गठ्ठ्यानंच, लॉटनंच होतो, आणि बाराशे शेअरचा बरोबर एक लॉट व्हायचा. महिन्याला आठ-दहा हजार सुटायचे. काकासाहेब नियमानं शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी सौदा कापायचे. एक दिवस हाताशी असावा, म्हणायचे.

जूनच्या तेवीस तारखेला, शुक्रवारी, ते ऑफिसात आले. डायरी काढली.

“ज्योत्स्ना, एकोणतीसला गुरुवार. बुधवारी बकरी ईदची सुट्टी लिहिलीय तू. मंग मी आदल्या दिवशी कापू कसा?”

“मंगळवारी कापा. नाहीतर गुरुवारी सकाळी.”

“मी सोमवारीच शहागडला चाललो. दैवशालाच्या खात्याचा फॉर्म भरायचाय, तिच्या सह्या घ्यायच्यात. मंग हे शेअर तिच्या खात्यावर टाकून देतो, एकदाचं मोकळं होतो. आजच कापून टाकावं का?”

ज्योत्स्नानं स्क्रीनकडे पाहिलं. शेअर पाचशे पंधराला होता, त्यांचा कॉल पाचशे तीसचा. “आज कापला तर सहा रुपयांनी घ्यावा लागेल, काका. गुरुवारी सकाळपर्यंत रुपयाच्या आत येईल. भाव तीसच्या किती खाली आहे बघा.”

काकासाहेबांनी डायरीत लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाले, “आमच्या गल्लीतले लोक ईद गुरुवारी म्हणून राह्यले. चंद्र एक दिवस उशिरा दिसला म्हणतात.”

ज्योत्स्ना हसली. “काका, ईद कधी का असेना, एक्स्चेंजचं कॅलेंडर वर्षाच्या आधी छापलेलं असतं. त्यात बुधवार आहे.”

“बराबर,” ते म्हणाले. “तुझ्या हातात हाय ते. गुरुवारी अकराला येतो.”

ते जिना उतरून गेले.

मंगळवारी संध्याकाळी ती घरी भाकरी थापत असताना राधेश्यामभाऊंचा फोन आला. सरकारनं ईदची सुट्टी बुधवारची गुरुवारी केली होती. एक्स्चेंजनंही तसंच केलं. उद्या बाजार चालू, गुरुवारी बंद. आणि गुरुवारी बंद म्हणून सगळे महिन्याचे सौदे उद्याच संपणार.

“सगळ्यांना कळवून टाक,” भाऊ म्हणाले.

तिनं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मेसेज टाकला. बुधवारी तिला सुट्टी होती. वडिलांचा मोतीबिंदू दाखवायला ती छत्रपती संभाजीनगरला जाणार होती, नंबर लावलेला होता. तो रद्द करायला लागला आणि ती चिडली. काकासाहेबांकडे बटणांचा फोन आहे, ग्रुपवर ते नाहीत, हे तिला मेसेज टाकतानाच आठवलं होतं. उद्या सकाळी करू, असं तिनं ठरवलं.

बुधवारी सकाळी तिनं यादी काढली. चौदा लोकांचे सौदे उघडे होते. मोठ्यांना आधी फोन केले. एकाचा राग, एकाची घाई, एकाला पुढच्या महिन्यात सौदा न्यायचा होता. काकासाहेबांचं नाव ती खाली खाली सरकवत गेली. त्यांना फोन केला की पंधरा मिनिटं जायची. का बदललं, कुणी बदललं, मी शुक्रवारी म्हणालो होतो ना, असं सगळं येणार. शेवटचंच तिला नको होतं. शेअर तेव्हा पाचशे बावीसला होता. तसाच राहिला तर कॉल आपोआप शून्य होईल, फोन करायची गरजही पडणार नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी बाजार चढत होता. दोननंतर औषध कंपन्याही चढायला लागल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी ती एका व्यापाऱ्याचा सौदा पुढच्या महिन्यात नेत होती. तो झाल्यावर तिनं काकासाहेबांचा शेअर उघडला. पाचशे छत्तीस.

घड्याळात तीन बावीस झाले होते. बाजार बंद व्हायला आठ मिनिटं.

तिनं फोन उचलला. नंबर पाठ होता. आणि तिला ऐकू आलं, ते काय म्हणतील ते. “सकाळपासून का न्हाई सांगितलं?” याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. त्यांनी हो म्हटल्याशिवाय ती त्यांच्या खात्यात सौदा टाकू शकत नव्हती, तो नियम होता. आणि ते हो म्हणण्याआधी हेच विचारतील. भाव खाली येईल, ती मनात म्हणाली. शेवटच्या अर्ध्या तासाची सरासरी धरतात, ती तीसच्या खालीही बसेल. हे खोटं आहे, हेही तिला समोर दिसत होतं, कारण तीन वाजल्यापासून भाव एकदाही तीसच्या खाली आला नव्हता. तिनं फोन खाली ठेवला. दुसऱ्या फोनवर कुणीतरी होतं, तो घेतला. तीन तीस झाले.

सरासरी पाचशे चौतीस निघाली.

म्हणजे काकासाहेबांचे बाराशे शेअर पाचशे तीसला गेले. सौदा कापला असता तर सात-आठ हजार गेले असते, शेअर राहिले असते.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिचा मोबाइल वाजला. ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

“ज्योत्स्ना, मी ऑफिसखाली उभा हाय. कुलूप दिसून राह्यलं.”

मागून रस्त्याचा आवाज येत होता. ईदच्या दिवसाचा, पोरांच्या गलक्याचा. हातातला ओला टॉवेल पिळत ती उभी राहिली. खरं सांगायला एवढीच जागा होती, त्यांच्या या एका वाक्यानंतर.

“काका, सुट्टी बदलली. काल बुधवारीच संपलं सगळं. तुम्हाला काल किती फोन केले मी. लागतच नव्हता.”

“शेअर गेले?”

“हो. भाव वर गेला शेवटी.”

“असं.” मग ते म्हणाले, “शहागडला नदीच्या अंगाला रेंज न्हाई राहत कधी कधी. तुला तरास झाला असंल फोन करून करून. माझंच चुकलं. शुक्रवारीच कापायला पायजे होतं.”

तिनं टॉवेल दोरीवर टाकला. काकासाहेबांनी परत कसं घेता येतील ते विचारलं. उद्या बाजार उघडला की बघू, ती म्हणाली. शुक्रवारी तो शेअर पाचशे बावन्नला उघडला आणि वरच जात राहिला. विकल्याचे पैसे अजून यायचे होते. जाऊ दे, असं काकासाहेबांनी फोनवर सांगितलं.

गुरुवारी तिनं फोन ठेवला तेव्हा तातेराव ओट्यावर बसून चहा पीत होते. त्यांना धूसर दिसत होतं, पण ऐकू नीट यायचं. “साहेब होते का? काम झालं का त्यांचं?”

“झालं,” ती म्हणाली.

शुक्रवारी तिनं राधेश्यामभाऊंना सगळं सांगितलं. म्हणजे फोन केला नव्हता, एवढं सांगितलं. नंतर काय बोलली ते नाही. भाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळाला हात लावला, मग म्हणाले, “मुख्य ऑफिसातून सगळ्यांना एसएमएस गेलाय, ईमेल गेलाय. आपली बाजू बराबर आहे. तू त्यांना लेखी काही देऊ नको.” एसएमएस इंग्रजीत होता. काकासाहेबांच्या फोनमधला मेसेजचा डबा कायम भरलेला असायचा, नवा मेसेज शिरायला जागा नसायची. तिनंच एकदा तो रिकामा करून दिला होता.

पुढच्या दिवसांत झालं ते असं. शेअरचे पैसे बँकेत आले. शेअर होते तोवर ते कुणाला दिसत नव्हते. एका कागदावर होते आणि काकासाहेबांच्या डायरीत होते. बँकेत पडलेले सहा लाख मात्र घरातल्या सगळ्यांना दिसले. मुलगा शिवाजी पिकअप घ्यायचं म्हणत होता. पोरीला अर्धे दे, मला अर्धे दे, तो म्हणाला. घरात दोन दिवस भांडण झालं. शेवटी तसंच झालं. दैवशालाच्या खात्याचा सह्या केलेला फॉर्म काकासाहेबांनी ऑफिसात आणून दिला, तेव्हा तो भरून पाठवायचं कारणच उरलं नव्हतं.

“राहू दे तुझ्याकडं,” ते म्हणाले. ते नेहमीसारखेच बोलत होते. तिच्या चहाचे पैसे त्यांनीच दिले. जाताना म्हणाले, “तातेरावचा डोळा दाखवला का? उशीर नको करू.”

ते जिन्यावरून उतरत असताना ती बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली. नळ सोडला आणि नुसतीच उभी राहिली. ते ओरडले असते, तक्रार केली असती, तर एसएमएसचा पुरावा पुढे करून तीही भांडली असती. पण ज्याचं नुकसान झालं तो तिच्या त्रासाबद्दल वाईट वाटून घेत होता. पॅसेंजरमध्ये बदनापूरचं कुणी भेटलं तरी ती खिडकीकडे तोंड करून बसायला लागली. काकासाहेबांनी स्टेशनवर हात केला की ती फोन कानाला लावायची.

तीन आठवडे असे गेले. एका रविवारी तातेरावांनी भरिताची वांगी पिशवीत भरली आणि म्हणाले, “साहेबांकडं जाऊन येतो. बरेच दिवस झाले.”

“मी जाते,” ती म्हणाली. “तुम्ही बसा.”

उषाबाईंनी, काकासाहेबांच्या बायकोनं, दार उघडलं. काकासाहेब आत कपडे बदलत होते. उषाबाईंनी तिला बसवलं, वांगी घेतली, आणि उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, “त्या बुधवारी तर यांचं मन काय लेकीकडं लागत नव्हतं. दिवसभरात चारदा फोन केला मला. भाजी काय केली, मोटार बंद केली का. म्हटलं, गेलात तर ऱ्हा ना निवांत.”

ज्योत्स्नानं विचारलं, “शहागडहून? बुधवारी?”

“मंग काय. दैवशालाचं घर रोडलाच हाय ना. टावर समोरच.”

काकासाहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं होतं. उषाबाईंना त्यांनी चहाला पाठवलं आणि समोरच्या खुर्चीत बसले.

“काका,” ती म्हणाली, “मी फोन केलाच नव्हता.”

“माहीत हाय.”

“त्या दिवशीच?”

“त्या दिवशीच. फोन माझ्या खिशात होता. घंटी वाजली नव्हती.”

“मग तुम्ही रेंजचं का म्हणालात?”

काकासाहेबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “तू घाबरून बोललीस, हे कळलं मला. म्हटलं, एक वाट ठेवावी तिला. आज न्हाई तर उद्या येऊन सांगंल. चार वेळा आलतो ऑफिसात. चारी वेळा तुझ्या तोंडाकडं बघितलं.”

तिनं मग सगळं सांगितलं. यादी, त्यांचं नाव खाली सरकवलेलं, तीन बावीस, हातात घेतलेला फोन. शुक्रवारी ते ईद गुरुवारी म्हणाले तेव्हा आपण हसलो, तेही. एकदा सांगायला लागल्यावर तिला थांबता येईना. उषाबाई चहा घेऊन आल्या आणि काहीतरी चाललंय हे बघून कप ठेवून आत गेल्या.

“भरून देईन मी,” ती शेवटी म्हणाली. “थोडे थोडे.”

“काय भरून देशील? पैशे तर मिळाले मला. बराबर भावानं मिळाले.” त्यांनी चष्मा परत घातला. “मी म्हातारा माणूस, विसरली असतीस तर काय वाटलं नसतं. माणूस विसरतो. तुला आठवण होती.”

चहा तसाच राहिला. निघताना ती त्यांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नाही, पण घेतले. “राहू दे,” म्हणाले.

ऑगस्टमध्ये त्यांनी खातं बंद करायचा अर्ज दिला. उरलेले थोडे शेअर दुसरीकडे हलवले. फॉर्म तिनंच भरला, कारण डिलिव्हरीचे, हस्तांतराचे सगळे फॉर्म तिच्याकडेच असायचे. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं तिनं विचारलं. “वैयक्तिक लिही,” ते म्हणाले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वडिलांना सांगितलं. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यावर तेव्हा अजून हिरवी पट्टी होती. तातेरावांनी सगळं ऐकलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, “त्यांनी तीन अर्ज लिहिले होते, तुला माहीत हाय ना?”

“माहीत आहे, आबा.”

“तिसऱ्या अर्जाच्या वेळी वरच्या साहेबानं त्यांना म्हटलं होतं, एवढं कशाला करता, तुमचा कोण लागतो तो.” मग ते उठले, काठी घेतली आणि चपला शोधायला लागले. ती शोधून द्यायला गेली, तर त्यांनी पायानं चाचपून स्वतःच घातल्या.

ते काकासाहेबांकडे जाऊन दुपारी परत आले. तिथं काय बोलले हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. रविवारी दोघं म्हातारे अजून भेटतात. कधी केंद्राच्या फाटकापाशी, कधी साहेबांच्या ओट्यावर. त्या वेळी ज्योत्स्ना तिकडून जात नाही.

ती अजून त्याच ऑफिसात आहे. महिन्याचे सौदे आता शेवटच्या गुरुवारी संपत नाहीत, दोन हजार पंचवीसच्या सप्टेंबरपासून शेवटच्या मंगळवारी संपतात. मंगळवारी सुट्टी आली तर आदल्या कामाच्या दिवशी, ते तसंच आहे. ती बोर्डावर लिहिते. ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे अशा चार लोकांना ती त्या दिवशी सकाळी आधी फोन करते, मग बाकीच्यांना. राधेश्यामभाऊ एकदा म्हणाले, मोठ्यांना आधी करत जा. ती हो म्हणाली आणि तसं केलं नाही.

मागच्या महिन्यात पॅसेंजर उशिरा होती. बदनापूरच्या फलाटावर काकासाहेब बाकावर बसले होते, शेजारी दैवशालाचा मुलगा. ज्योत्स्नाला त्यांच्यासमोरूनच जावं लागलं. या वेळी तिनं फोन कानाला लावला नाही.

“बरी हाईस?” त्यांनी विचारलं.

“हो, काका.”

नातू बिस्किटाचा पुडा फोडायला मागत होता. काकासाहेबांनी तो फोडून त्याच्या हातात दिला. त्यांनी तिला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. गाडी येईपर्यंत ती बाकापासून चार पावलांवर उभी होती.